नकारापासून जाहीरनाम्यापर्यंत : जर्मनीतील हरित पक्ष

पर्यावरणाची चळवळ आणि पर्यावरणवादी पक्ष या दोहोंना आपण पुष्कळदा एकच मानतो. वस्तुतः त्यांची कार्ये भिन्न आहेत. चळवळीला एखादी खाण वा एखादा प्रकल्प ‘नको’ असे म्हणता येते आणि तेवढ्याने तिचे काम भागते. पक्षाला मात्र त्याऐवजी काय, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने, हेही सांगावे लागते. या फरकाचे बोलके उदाहरण म्हणजे जर्मनीतील हरित पक्ष, म्हणजेच ‘ग्रीन’ पक्ष होय.

त्याचे मूळ अणुविरोधात आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या व्ह्यूल या गावी अणुवीजकेंद्र उभारण्याचे ठरले, तेव्हा शीतकमनोऱ्यांच्या वाफेने धुके दाटेल आणि द्राक्षमळे बिघडतील, अशी धास्ती तेथील बागायतदारांनी घेतली. फेब्रुवारी 1975 मध्ये त्यांनी व नजीकच्या विद्यापीठातील तरुणांनी ती जागाच व्यापली. ते केंद्र पुढे कधीच उभे राहिले नाही. अशा अनेक चळवळींतील माणसे एकत्र आली आणि जानेवारी 1980 मध्ये कार्ल्सरूह येथे पक्ष स्थापन झाला.

या पक्षाला संसदेचे दार उघडले ते तेथील निवडणूकपद्धतीमुळे. पाच टक्के मतांचा उंबरठा ओलांडणाऱ्या पक्षास जर्मनीत मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. 1983 साली 5.6 टक्के मतांवर हरितांचे 27 सदस्य निवडून आले. याउलट 1989 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ब्रिटनमधील हरित पक्षाने सुमारे 15 टक्के मते मिळविली, पण मतदारसंघात सर्वाधिक मते घेणाराच विजयी ठरत असल्याने जागा एकही मिळाली नाही. आपली लोकसभाही याच रीतीने निवडली जाते, हे ध्यानात घ्यावे.

परंतु या पक्षाचा खरा प्रभाव त्याच्या जागांपेक्षा इतरांच्या जाहीरनाम्यांत दिसतो. एप्रिल 1986 मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. हरितांकडे मते वळतील, ही भीती साऱ्यांनाच होती. जूनमध्ये हेल्मुट कोल यांच्या सरकारने स्वतंत्र पर्यावरण मंत्रालय निर्माण केले आणि ऑगस्टमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने दहा वर्षांत अणुवीज सोडण्याचा ठराव केला. हरित पक्ष तेव्हा केंद्रात विरोधी बाकांवरच होता.

1998 मध्ये तो सत्तेत भागीदार झाला, आणि ‘नको’पुढील प्रश्न सामोरे आले. 2000 सालच्या कायद्याने वारा व सूर्य यांपासून निर्माण होणाऱ्या विजेला वीस वर्षे ठरावीक दर मिळू लागला. त्याचा भार 2022 पर्यंत ग्राहकांच्या वीजबिलावर पडत असे. 2002 मध्ये अणुवीज टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला. 2010 मध्ये अँगेला मर्केल यांनी ती मुदत वाढविली खरी, पण 2011 च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर त्यांनीच आपला निर्णय फिरविला. एका लहान पक्षाची मागणी अशा रीतीने प्रतिपक्षाचे धोरण झाली.

येथेच हवामानबदलाचा पेच उभा राहिला. अणुवीज निर्माण होताना कार्बन वायू जवळजवळ बाहेर पडत नाही. कोळशाच्या विजेने तो सर्वाधिक बाहेर पडतो. हवामानाचा विचार अग्रभागी असता, तर कोळसा प्रथम जाता. परंतु पक्ष अणुविरोधातून जन्मला होता, म्हणून अणुवीज आधी गेली. शेवटच्या तीन अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023 रोजी बंद झाल्या. कोळशासाठी मात्र 2020 च्या कायद्याने 2038 ची मुदत दिली आहे. युक्रेनच्या युद्धाने रशियाचा वायू तुटला, तेव्हा 2022 मध्ये हरित मंत्री रॉबर्ट हाबेक यांनाच बंद ठेवलेली कोळसाकेंद्रे काही काळ पुन्हा चालवू द्यावी लागली. अणुकचऱ्याचा प्रश्न अनुत्तरित आहे, हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण क्रम चुकला, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे.

दुसरी कसोटी घराच्या उंबरठ्यावर लागली. नवीन घरतापन यंत्रणेतील किमान 65 टक्के ऊर्जा नूतनक्षम असावी, असा कायदा 2023 मध्ये आला. खर्चाचे साहाय्य किती मिळेल, हे स्पष्ट होण्यापूर्वीच मसुदा बाहेर फुटला आणि गदारोळ उडाला. 2021 मध्ये 14.8 टक्के मते मिळविणारा हा पक्ष 2025 मध्ये 11.6 टक्क्यांवर आला. या घसरणीस इतरही कारणे होती. तथापि विरोधी पक्षांच्या प्रचारात हा कायदा अखेरपर्यंत गाजत राहिला.

तेव्हा कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातील पर्यावरणाचे कलम वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात : काय बंद होणार आणि कोणत्या वर्षी, त्याची जागा कशाने भरून निघणार, आणि मधल्या काळातील भार कोण उचलणार. ही तिन्ही उत्तरे जेथे नाहीत, तेथे चळवळीचा नकार अद्याप धोरण झालेला नाही, असे खुशाल समजावे.