पट्टा की थेट मोटर?

फ्रंट लोड वॉशिंग मशीन घ्यायला दुकानात गेलात, की दारावर मोठा गोल स्टिकर दिसतो: मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी. विक्रेता सांगतो, ‘हे डायरेक्ट ड्राइव्ह आहे, यात पट्टाच नाही. पट्ट्याचं मशीन म्हणजे जुनं तंत्र.’ शेजारच्या मशीनवर ‘इन्व्हर्टर मोटर’ असं लिहिलेलं असतं, आणि गिऱ्हाईक समजतं की दोन्ही एकच. प्रत्यक्षात इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतले आहेत. मोटर ब्रशची की बिनब्रशची, हा एक. ती ड्रम पट्ट्याने फिरवते की थेट, हा दुसरा.

आधी जुनी रचना पाहू. मशीनचं मागचं झाकण काढलं की ड्रमच्या आसाला बसवलेली साधारण ३० सेंटिमीटरची मोठी पुली दिसते. टबाच्या खाली मोटर असते आणि तिच्या टोकाला जेमतेम अडीच सेंटिमीटरची पुली. दोन्हींवरून उभ्या खाचांचा चपटा रबरी पट्टा गेलेला असतो. मोटरचे साधारण बारा फेरे झाले की ड्रमचा एक होतो. कपडे पिळताना ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर मोटर १४,००० च्या पुढे धावत असते. फ्रंट लोडमधून येणारी ती चढती किंचाळी बरीचशी या वेगाची असते.

या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे दोन तुकडे लागतात. मेकॅनिक त्यांना नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. ते घासत राहतात आणि झिजतात. संपत आले की ड्रम मध्येच थांबतो, पुन्हा चालू होतो, ठिणग्यांचा जळका वास येतो. नवे कार्बन स्वस्त असतात आणि बसवायला फार वेळ लागत नाही.

बिनब्रशच्या मोटरमध्ये फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि तारेची वेटोळी स्थिर भागावर. कोणत्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची, हे इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतं. घासणारं काही उरत नाही. ‘इन्व्हर्टर’ हा शब्द या बोर्डाकडे बोट दाखवतो, पट्टा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पट्टा ठेवून बिनब्रशची मोटर लावलेली मशीन आज बाजारात भरपूर आहेत, आणि ती जुन्या ब्रशवाल्यांपेक्षा स्पष्टपणे शांत असतात. म्हणजे आवाजात आणि झिजेत जो मोठा फरक पडला, तो ब्रश गेल्यामुळे. पट्टा गेल्यामुळे पडला तो त्याहून लहान.

मग पट्टा काढायचा कशाला? न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने १९९१ मध्ये ‘स्मार्टड्राइव्ह’ नावाच्या टॉप लोड मशीनमध्ये मोटर थेट आसावरच बसवली. १९९८ मध्ये एलजीनेही हा मार्ग धरला, आणि फ्रंट लोडमध्ये हे तंत्र प्रामुख्याने तिच्याच नावाने ओळखलं गेलं. टबाच्या पाठीवर वेटोळ्यांचं कडं स्क्रूने घट्ट बसवतात. त्यावर परातीसारखा उथळ रोटर पालथा येतो, ज्याच्या कडेला आतून चुंबक असतात. अशा एका प्रचलित मोटरमध्ये ३६ वेटोळी आणि ४८ चुंबकीय ध्रुव असतात. रोटर थेट ड्रमच्या आसाला बोल्टने जोडलेला, त्यामुळे मोटरचा एक फेरा म्हणजे ड्रमचा एक फेरा.

याची किंमत जोरात मोजावी लागते. समजा, ४ किलो कपडे पाणी पिऊन १० किलो झाले आणि ड्रमच्या एका बाजूने, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, वर उचलले जात आहेत. त्यासाठी आसावर साधारण १५ न्यूटन-मीटर इतका पीळ लागतो. पट्ट्याच्या मोटरला त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे सव्वा न्यूटन-मीटर पुरतो, कारण उरलेलं काम पुल्यांचं गुणोत्तर करतं. थेट मोटरला सगळा पीळ स्वतः द्यावा लागतो. ती एवढी रुंद आणि भरपूर ध्रुवांची असते ती याचसाठी. बदल्यात ड्रमवर तिची पकड घट्ट राहते. मध्ये ताणणारं, घसरणारं रबर नसल्याने ड्रम किंचित हलवून पुन्हा थांबवणं, उलट फिरवणं तिला सहज जमतं.

वीज वाचते का? थोडीशी. पण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागतं, तर धुण्याच्या तासाभरात ड्रम फिरवायला ढोबळमानाने ०.१ ते ०.२ युनिट. बिल कमी करायचं असेल, तर कपडे गार पाण्यात धुण्याने मोटरच्या प्रकारापेक्षा जास्त फरक पडतो.

आता बिघाडांकडे येऊ. पट्टा सैल झाला की सुरुवातीला चिरका आवाज येतो आणि मागच्या बाजूला काळी रबरी भुकटी साचते. पट्टा उतरला की मोटर घुमते, ड्रम मात्र हलत नाही. मशीन बंद करून ड्रम हाताने फिरवून पाहा. अजिबात विरोध न करता गरगर फिरला, तर पट्टा गेला असं समजा. नवा पट्टा काही शे रुपयांत मिळतो. थेट मोटरमध्ये रोटरची जागा बोर्डाला कळवणारा एक छोटा हॉल सेन्सर असतो. तो बिघडला की ड्रम नुसता झटके देतो आणि थांबतो. एलजीच्या मशीनवर तेव्हा LE अशी अक्षरं येतात, पण कपडे कोंबून भरले तरीही तीच अक्षरं येतात. म्हणून आधी कपडे कमी करून पाहावं. बोर्ड मात्र दोन्ही प्रकारच्या बिनब्रश मोटरना लागतं, आणि विजेच्या दाबाचा झटका बसला तर सर्वांत महाग पडतं तेच.

मशीन भंगारात जायचं मुख्य कारण मात्र दोन्हींत सारखंच असतं, आणि ते मोटर नव्हे. अर्ध्या किलोचा ओला टॉवेल एका बाजूला साचला आणि ४८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेऊ लागला, तर तो सुमारे १९० किलोच्या जोराने बाहेर ओढतो. हा ओढा सेकंदाला वीस वेळा दिशा फिरवत राहतो. तो पेलतात ती ड्रमच्या आसावरची दोन बेअरिंग. त्यांना पाण्यापासून वाचवतं ते एक रबरी सील. सील फाटलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, गंज चढतो आणि पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर सुरू होते. थेट मोटरमध्ये तर हे गंजलेलं पाणी नेमकं वेटोळ्यांवर आणि सेन्सरवर उतरतं, कारण मोटर तिथेच बसलेली असते. दार उघडून ड्रमची वरची कड हाताने वर उचलून पाहा. टब जागेवर राहून नुसता ड्रम खळखळला, तर बेअरिंग गेलं.

दहा वर्षांची ती वॉरंटी बहुधा मोटरपुरतीच असते. बेअरिंग, सील, बोर्ड आणि कारागिराची मजुरी तिच्यात येतात का, हे कार्डावर वाचून घ्यावं. त्याहून महत्त्वाचा प्रश्न टबाचा. टबाचे दोन अर्धे स्क्रूने जोडलेले असतील, तर बेअरिंग बदलता येतं. ते वितळवून कायमचे चिकटवलेले असतील, तर बऱ्याचदा ड्रमसकट अख्खा टब घ्यावा लागतो, आणि तो खर्च ऐकून लोक नवं मशीनच घेतात. स्क्रूचा टब आणि बिनब्रशची मोटर असलेलं पट्ट्याचं मशीन, चिकटवलेल्या टबाच्या थेट मोटरवाल्यापेक्षा जास्त वर्षं दुरुस्त करून वापरता येतं. दोन्हींचा टब स्क्रूचाच असेल आणि पैशांचा फरक परवडत असेल, तर थेट मोटर खुशाल घ्यावी.