टिपणं उतरवताना बाण कुठे घेऊन जातो?

तासाला घाईघाईत खरडलेली टिपणं घरी येऊन नीट उतरवून काढायची, असं पुष्कळ विद्यार्थी ठरवतात. अक्षर सुबक होतं, शाईचे रंग बदलतात, पण वर्गात जो गोंधळ होता तो तसाच नव्या वहीत जातो. उतरवण्याचं खरं काम अक्षराचं नाहीच. आपल्याला काय ऐकू आलं, काय सुटलं आणि काय आपण मनाने भरलं, हे वेगळं करण्याचं ते काम आहे.

इतिहासाच्या तासाचं एक पान घेऊ. विषय दख्खनचे दंगे. पानावर एवढंच आहे: ‘प्रिंगल ५५% उत्प. फसलं. विंगेट-गोल्डस्मिड, इंदापूर, ३० व. अमे. युद्ध – कापूस तेजी → भाव पडले → सा. वाढ → सुपे १२ मे ७५. वह्या जाळल्या. ७९ कायदा.’

आधी मथळे. सर बोलले त्या क्रमाने मथळे पाडू नयेत, कारण बोलताना ते मागेपुढे जातात. सगळे मथळे एकाच जातीचे असावेत. इथे ‘जमीनमहसुलाची पद्धत’, ‘कापसाची तेजी आणि मंदी’, ‘१८७५चे दंगे’, ‘१८७९चा कायदा’ असे चार पुरतात. एक मथळा विषयाचा, दुसरा नुसता माणसाच्या नावाचा, तिसरा प्रश्नार्थक, असं झालं की परीक्षेआधी चाळताना काय कशाखाली आहे ते सापडत नाही.

मग पूर्ण वाक्यं, आणि खरी परीक्षा इथेच होते. ‘प्रिंगल ५५% उत्प.’ याचं वाक्य करायला बसलं की हात सहज लिहून जातो: ‘प्रिंगलने उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवला.’ वाक्य गुळगुळीत आहे आणि चुकीचं आहे. हा दर एकूण पिकावर नव्हता, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर होता. ‘उत्प.’ या तुटक शब्दात निदान शंकेला जागा होती, पूर्ण वाक्याने तीही बुजवली. महिन्याभराने त्या वाक्यावर कुणालाच संशय येणार नाही. म्हणून तिथे लिहावं: ‘प्रिंगलने ५५ टक्के सारा ठरवला. [पडताळा: एकूण उत्पन्नाचे की निव्वळ?]’

‘सा. वाढ’ हे त्याहून फसवं. सारा वाढला, की सावकारांचा जाच वाढला? त्या काळाबद्दल दोन्ही पटण्याजोगं आहे, त्यामुळे अंदाजाने एक निवडणं फार सोपं. निवडू नये. मूळ अक्षरं तशीच ठेवून दोन्ही अर्थ शेजारी लिहावेत आणि खूण करावी.

बाणांची गोष्ट तर आणखी निराळी. ‘यानंतर’ आणि ‘यामुळे’ या दोन्हींसाठी आपण वर्गात एकच बाण काढतो. वाक्य लिहिताना त्यातलं एक निवडावं लागतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्यामुळे सुप्याला दंगा झाला, असं लिहायला घेतलं की मधली दहा वर्षं दिसतात. ती कुठे गेली? बाणाने ती गिळली होती. आता पानावरचे ‘३० व.’ कामाला येतात. इंदापुरातली विंगेट-गोल्डस्मिड यांची आकारणी १८३०च्या दशकातली, तीस वर्षांच्या मुदतीची. म्हणजे १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, नेमकी मंदी असताना, ती मुदत संपून फेरआकारणी आली. ‘सा.’ म्हणजे सारा असण्याची शक्यता त्याने वाढते. तरी खूण पुसायची नाही, कारण हा आपला तर्क आहे, सरांचं वाक्य नव्हे. समासात ‘माझा तर्क’ असं लिहून ठेवावं.

खूण कशी करावी यावरही बरंच अवलंबून आहे. नुसतं प्रश्नचिन्ह काढलं तर पंधरा दिवसांनी शंका कसली होती तेच आठवत नाही. शंका पूर्ण प्रश्नात लिहावी आणि ती कुठे सुटेल हेही. ‘१८७९च्या कायद्याचं पूर्ण नाव काय?’ हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल: डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. ‘सर “सा.” कशाला म्हणाले?’ हे मात्र सरांना किंवा शेजारी बसणाऱ्यालाच विचारावं लागेल, आणि तेही लवकर. उत्तर मिळालं की प्रश्न खोडून टाकू नये. त्याच्यापुढे उत्तर, पुस्तकाचं नाव आणि पान लिहावं.

हे सगळं त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवं. तोवर अर्धवट शब्दामागचं बोलणं कानात असतं. आठवड्याने बसलात तर आठवण आणि अंदाज यांतला फरक तुमचा तुम्हालाच कळत नाही, आणि खुणा कमी पडतात. एका दाट पानावर एकही खूण नसेल तर ते पान मूळ कच्च्या पानाशी पुन्हा ताडून पाहावं. त्यासाठीच कच्ची वही वर्ष संपेपर्यंत फेकू नये.