लेबलाचा फोटो वाचताना

लोकरी स्वेटरच्या शिवणीतलं लेबल सुरकुतलेलं असतं, म्हणून फोटो काढण्याआधी ते बोटांनी ताणून सपाट धरा आणि दिवसाच्या उजेडात जवळून टिपा. चिन्हांचा नेमका अर्थ ठिपके आणि आडव्या रेघांत असतो, आणि धूसर फोटोत नेमक्या त्याच नाहीशा होतात.

चिन्हं बहुधा धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीनिंग अशा क्रमाने येतात. आपल्या स्वेटरवर पहिला टब आहे, आत ३० आणि खाली दोन रेघा. म्हणजे पाणी जास्तीत जास्त ३० अंश, आणि मशीनचं सर्वांत हलकं चक्र. टबमध्ये हात दिसला तर मात्र हातानेच धुवायचं. पुढचा फुलीचा त्रिकोण ब्लीच नको म्हणतो.

खरा घोळ पुढे होतो. चौकोनात वर्तुळ म्हणजे ड्रायर. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनिंग. फोटोत चौकोनाची कड कापली गेली, तर ड्रायरवरची फुली ड्रायक्लीनिंगवर वाचली जाते. त्यामुळे फोटोत लेबलाच्या चारही कडा दिसायलाच हव्यात. शेजारच्या चौकोनात एक आडवी रेघ आहे: स्वेटर सपाट पसरून वाळवा, कारण दोरीवर ओल्या लोकरीच्या वजनाने तो लांबतो. इस्त्रीतले दोन ठिपके १५० अंशांची मर्यादा सांगतात. एक असता तर ११०. ठिपके मोजता येत नसतील, तर कमीच उष्णता धरा.