किनाऱ्यापासून साडेवीस मैलांवर

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात असा दंडक घातला की, आपला परवाना, ज्यास ते कार्ताझ म्हणत, जवळ नसेल ते व्यापारी गलबत खुशाल जप्त करावे. आणि पुढे अठराव्या शतकाच्या प्रारंभी कान्होजी आंग्र्यांनी त्याच पाण्यात आपले दस्तक चालविले, तेव्हा जे आजवर दुसऱ्यांस परवाने विकत आले होते त्यांनाच ती चाचेगिरी वाटू लागली. या दोहोंच्या दरम्यान, १६०९ साली, ह्यूगो ग्रोशियस या डच न्यायपंडिताने आपल्या देशाच्या व्यापारी कंपनीची बाजू घेऊन एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात पोर्तुगीजांच्या या मक्तेदारीवर आघात करीत असे प्रतिपादिले की, ज्याला कुंपण घालता येत नाही आणि जो वापरल्याने झिजत नाही, तो समुद्र कोणाही राजाची मिळकत होऊ शकत नाही. खुल्या समुद्रावरील नौकानयनाचे स्वातंत्र्य म्हणून आज जे तत्त्व सर्वमान्य आहे, त्याचा उगम अशा रीतीने आपल्याच दाराशी चाललेल्या तंट्यात आहे.

तथापि किनाऱ्यालगतचे पाणी सर्वस्वी बेवारस ठेवण्यास कोणतेच राष्ट्र राजी नव्हते. तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवर किनाऱ्याची सत्ता, असा संकेत अठराव्या शतकात रूढ झाला आणि कालांतराने तो तीन मैलांवर स्थिरावला. या तीन मैलांचा अर्थ आपल्याकडे प्रथम स्पष्ट केला तो कोळ्यांच्या एका भांडणाने. समुद्रात रीतसर रोवलेले मासेमारीचे खुंट प्रतिस्पर्धी कोळ्यांनी उपटून टाकले, आणि ते खुंट जमिनीवर नसून पाण्यात असल्यामुळे येथील फौजदारी न्यायालयास त्या गुन्ह्याचा विचार करण्याचा अखत्यार आहे काय, असा पेच उभा राहिला. १८७१ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जागा किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत असल्याने अखत्यार आहे. विलायतेतील पंडित याच प्रश्नावर अद्याप चाचपडत असताना येथे त्याचा निकाल लागला होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

तीन मैलांचा हा हिशेब मोडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४५ मध्ये अमेरिकेच्या ट्रुमन यांनी किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाखालील संपत्तीवर हक्क सांगताच चिली व पेरू यांनी १९४७ मध्ये दोनशे मैलांची मागणी पुढे केली, आणि मग ही चढाओढ थांबेना. भारतानेही आपली प्रादेशिक जलसीमा १९५६ मध्ये सहा व १९६७ मध्ये बारा सागरी मैलांपर्यंत नेली, आणि १९७६ च्या कायद्याने दोनशे मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची तरतूद केली. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय करारात या सगळ्याला जे रूप मिळाले, त्याचा गाभा असा की, ओहोटीच्या रेषेपासून जसजसे दूर जावे तसतशी किनाऱ्यावरील राष्ट्राची सत्ता विरळ होत जाते. पहिल्या बारा मैलांत ती जवळजवळ जमिनीवरच्यासारखी पूर्ण असते, मात्र परक्या जहाजास निरुपद्रवीपणे वाट काढून जाण्याची मुभा असते. चोवीस मैलांपर्यंतच्या संलग्न पट्ट्यात जकात, परदेशीयांचा प्रवेश व आरोग्यविषयक निर्बंध यांपुरता बंदोबस्त ठेवता येतो. दोनशे मैलांपर्यंत मासळी, तेल आणि तत्सम संपत्ती त्या राष्ट्राची. पण तेथील पाणी काही त्याचे नव्हे, आणि जाण्यायेण्याचे स्वातंत्र्य तेथे खुल्या समुद्राप्रमाणेच सर्व राष्ट्रांना समान असते.

हे शेवटचे कलम कागदावर वाचताना निरुपद्रवी वाटते. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर, म्हणजे प्रादेशिक जलसीमेच्या पलीकडे, ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळीबार झाला आणि बोटीवरील दोघे मच्छीमार ठार झाले. जहाजावर चाच्यांपासून रक्षणासाठी इटलीच्या नौदलाचे सैनिक होते, आणि बोट चाच्यांची आहे असे आपणांस वाटले, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राने संपर्क साधल्यावर जहाज वळून कोचीला आले, आणि केरळ पोलिसांनी दोघा सैनिकांना अटक केली. इटलीचे प्रतिपादन असे की, जहाजावर इटलीचा ध्वज, कृत्य जलसीमेबाहेरचे, सैनिक सरकारी कामावर. तेव्हा खटला इटलीतच चालला पाहिजे. भारताचे उत्तर असे की, गोळी सुटली एका जहाजावर खरी, पण मृत्यू घडला तो भारतीय बोटीवर.

जानेवारी २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रथम घरातला वाद मिटविला: बारा मैलांपलीकडे केरळ राज्याचा अंमल चालत नाही, तेथे बोलण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. (मासेमारीच्या नियमनातही हीच वाटणी आहे; रत्नागिरीची ट्रॉलर बारा मैलांच्या आत असेतो महाराष्ट्राच्या कायद्याखाली असते, त्यापुढे केंद्राच्या.) मग प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले, आणि २१ मे २०२० च्या निवाड्याने उभय पक्षांना काही दिले, काही नाकारले. सैनिक शासकीय कर्तव्य बजावीत असल्यामुळे त्यांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण आहे, असे बहुमताने ठरले, आणि खटला भारताच्या हातून गेला. परंतु गोळीबार करून ‘सेंट अँटनी’ची वाट अडविल्यामुळे इटलीने भारताच्या नौकानयन-स्वातंत्र्याचा भंग केला असून तिने भरपाई द्यावी, असेही लवादाने सांगितले.

माझ्या मते या निवाड्याचे मर्म येथे आहे. बोट भारताच्याच आर्थिक क्षेत्रात होती, तरी भारताला न्याय मिळाला तो त्या क्षेत्राचा धनी म्हणून नव्हे. जो हक्क इटलीच्या तेलवाहू जहाजाला होता, नेमका तोच एका मासेमारी बोटीलाही आहे, या आधारावर तो मिळाला. ग्रोशियसने बलाढ्य कंपनीसाठी लढविलेला युक्तिवाद अशा रीतीने पहाटे किनारा सोडणाऱ्या मच्छीमारांच्या कामी आला. इटलीकडून दहा कोटी रुपये जमा झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२१ रोजी प्रकरण निकालात काढले. त्यांतील चार-चार कोटी मृतांच्या वारसांना व दोन कोटी बोटीच्या मालकाला देण्याचे ठरले. ज्यांच्या घरातला कर्ता माणूस गेला, त्यांना नऊ वर्षे या अखत्यारीच्या वादाखाली तिष्ठत राहावे लागले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकन युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवर, भारताची अनुमती न घेता, भारताच्या आर्थिक क्षेत्रातून गेली, आणि हे आपण नौकानयन-स्वातंत्र्य बजावण्यासाठी केले असे अमेरिकेच्या नौदलाने जाहीरही केले. भारताने १९९५ मध्ये करार मान्य करताना असे नमूद करून ठेवले आहे की, आर्थिक क्षेत्रात परक्या राष्ट्राने संमतीवाचून लष्करी कवायती करू नयेत. अमेरिका तर कराराची सदस्यही नाही, आणि तरी त्यातील स्वातंत्र्याचा आधार घेते. करारात अशा कवायतींबद्दल स्पष्ट असे एकही वाक्य नाही. जे हक्क कोणालाच नेमून दिलेले नाहीत, त्यांवरून तंटा उद्भवल्यास तो न्यायबुद्धीने व सर्व परिस्थिती ध्यानात घेऊन सोडवावा, एवढेच त्याचे एकोणसाठावे कलम सांगते; आणि लक्षद्वीपचा प्रश्न त्या कलमाखाली अद्याप कोणत्याही न्यायासनापुढे गेलेला नाही.