आलेख कुठे घसरतो?

समजा, पुरणपोळीचा १२ मिनिटांचा यूट्यूब व्हिडिओ आहे. संकलक चॅनेल चालवणाऱ्या बाईंना मेल लिहितो: "ताई, तिसाव्या सेकंदाला शंभरातले ५२ प्रेक्षकच उरलेत. शीर्षकात पोळी न फुटण्याची युक्ती सांगितली आहे, आणि आपले पहिले ४० सेकंद नमस्कार आणि ओळख यांतच जातात. सातव्या मिनिटाला मात्र आलेख उंचावतो. पुरण किती घट्ट हवं, ते लोक मागे जाऊन पुन्हा पाहतात."

या उंचवट्याला मी लगेच यश म्हणणार नाही. तुकडा आवडला म्हणून पुन्हा पाहिला की नीट दिसला नाही म्हणून, हे आलेख सांगत नाही. तो तुकडा स्वतः पाहावा लागतो. इथे वाफेमुळे पुरण दिसतच नव्हतं.

अडचण पुढे आहे. चढवलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. यूट्यूब स्टुडिओत नको तो भाग कापता येतो, नवं दृश्य जोडता येत नाही. म्हणून संकलक सुचवतो: "सुरुवातीचे ४० सेकंद आत्ताच कापू; दुवा आणि प्रेक्षकसंख्या तशीच राहील. पुरणाचं जवळून घेतलेलं दृश्य हवं असेल तर व्हिडिओ नव्याने चढवावा लागेल आणि मोजणी शून्यापासून सुरू होईल. आधी कापून दोन आठवडे थांबू. आलेख पाहताना तारीख कापल्यानंतरचीच निवडा, नाहीतर जुने प्रेक्षकही त्यात मिसळतील."