मशीनवर मशीन चढवण्याआधी

कपडे पिळण्याच्या शेवटच्या टप्प्यात फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या माथ्यावर हात ठेवून पाहावा. ड्रम हळूहळू वेग घेऊ लागतो आणि मध्येच काही क्षण सगळं धूड जोरात थरथरतं. पूर्ण वेग गाठला, म्हणजे मिनिटाला 1200 किंवा 1400 फेरे होऊ लागले, की थरथर उलट कमी होते. सर्वांत मोठा हादरा बसतो तो वेग चढताना. एखादा जाड सोलापुरी चादरीचा गोळा ड्रमच्या एकाच बाजूला अडकला असेल, तर हा हादरा फरशीपर्यंत जाणवतो.

याच माथ्यावर पंचेचाळीस-पन्नास किलोचा ड्रायर ठेवायचा असतो. पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत आणि शहरी फ्लॅटमध्ये दोन मशीन शेजारी-शेजारी ठेवायला जागा नसते. त्यामुळे एकावर एक हा पर्याय अनेकांना पटतो, आणि तो चांगलाही आहे. पण मध्ये रबराची चटई टाकून ड्रायर नुसता वर ठेवून देणं हा तो पर्याय नव्हे. प्रत्येक धुण्याला ड्रायर केसभर सरकतो. तो सरकतोय हे काही आठवड्यांनी त्याची एक कड मशीनच्या कडेबाहेर आलेली दिसली की कळतं.

हे सरकणं थांबवण्यासाठी स्टॅकिंग किट असतं. ती धातूची किंवा टणक प्लॅस्टिकची चौकट असते. ती वॉशिंग मशीनच्या माथ्यावर बसते आणि मशीनच्या मागच्या बाजूला स्क्रूने किंवा पट्ट्याने आवळली जाते. ड्रायरचे पाय तिच्यातल्या खाचांत अडकतात. काही किटमध्ये मधोमध बाहेर ओढायची फळी असते आणि तिच्यावर कपड्यांची टोपली ठेवता येते. चौकटीचं दुसरं काम वजन नीट वाटून देण्याचं. मशीनचा पत्रा मधोमध दाब सोसण्यासाठी केलेला नसतो. भार पेलायचा तो बाजूच्या उभ्या भिंतींनी, आणि चौकट तो त्यांच्याकडे नेते.

खाली नेहमी वॉशिंग मशीनच हवं. टब स्थिर राहावा म्हणून त्यात काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे रिकामं मशीनही सत्तर किलोच्या आसपास भरतं. ड्रायर त्याहून हलका असतो आणि त्याचा ड्रम मिनिटाला साधारण पन्नासच फेरे घेतो. तरीही तो वर चढला की सगळ्या रचनेचा तोल बदलतो. वॉशिंग मशीन 70 किलोचं आणि ड्रायर 48 किलोचा धरला, तर एकट्या मशीनचा गुरुत्वमध्य फरशीपासून जेमतेम 40 सेंटिमीटरवर असतो. दोन्ही मिळून तो 75 सेंटिमीटरवर जातो. पायांमधलं अंतर मात्र तेवढंच राहतं.

म्हणूनच फरशीचा उतार महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे ड्राय बाल्कनीची फरशी पाणी जाळीकडे वाहावं म्हणून मुद्दाम उतरती बसवतात. मशीनच्या 60 सेंटिमीटर खोलीत एक सेंटिमीटरचा उतार सहज सापडतो आणि नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पण पायांनी तो भरून काढला नाही, तर 170 सेंटिमीटर उंचीच्या टोकाला तोच उतार जवळजवळ तीन सेंटिमीटर होतो. ड्रायर वर चढवण्याआधी मशीनच्या माथ्यावर गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी आडवी आणि उभी ठेवून पाहावी. पाय फिरवून बुडबुडा मध्यात आणावा आणि मग पायांवरची नट घट्ट आवळावी. नट सैल राहिली की पाय हादऱ्याने पुन्हा फिरतात. चाकांची ट्रॉली किंवा पत्र्याचा स्टँड या रचनेखाली अजिबात चालत नाही.

जागेचा हिशेब एका उदाहरणावरून नीट कळेल. समजा, पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी आहे. भिंत आणि सिंक यांच्यामधली जागा 66 सेंटिमीटर रुंद आहे, बाल्कनीची खोली 120 सेंटिमीटर आणि वर 213 सेंटिमीटरवर माळा. दोन्ही मशीन 60 सेंटिमीटर रुंद आणि प्रत्येकी 85 सेंटिमीटर उंच आहेत. किटचे तीन सेंटिमीटर धरले, तर एकूण उंची 173 होते. माळ्याखाली 40 सेंटिमीटर उरतात आणि रुंदीतही दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर सुटतात. कागदावर सगळं बसतं.

घोटाळा होतो तो नळाचा. मशीनसाठीचा नळ भिंतीत साधारण मीटरभर उंचीवर असतो आणि दहा-बारा सेंटिमीटर पुढे आलेला असतो. एकट्या मशीनला त्याची अडचण होत नाही, कारण तो त्याच्या माथ्याच्या वर राहतो. ड्रायर चढला की तो नेमका त्याच्या पाठीत येतो. मग दोन्ही मशीन 15 सेंटिमीटर पुढे ओढावी लागतात. 60 सेंटिमीटरचं मशीन धरलं, तर समोर 45 सेंटिमीटर उरतात. तेवढ्यात गोल दार पूर्ण उघडत नाही आणि कपडे काढायला वाकायलाही जागा राहत नाही. इथे ड्रायर घेण्याआधी प्लंबर बोलावून नळ बाजूच्या भिंतीवर नेणं हाच उपाय आहे. नळ हलला की मागे पाइपपुरती सात-आठ सेंटिमीटर जागा पुरते.

दुसरी अडचण उंचीची. अनेक ड्रायरमध्ये कपड्यांतून निघालेलं पाणी वरच्या खणात साठतं. वर चढवलेल्या ड्रायरचा तो खण 160 सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि भरला की चार-पाच किलोचा होतो. घरातल्या आजींनी तो डोक्याच्या उंचीवरून उतरवावा हे बरं नव्हे. ज्या ड्रायरला पाण्याची नळी जोडून ते थेट मोरीत सोडता येतं, तोच अशा घरात घ्यावा.

फरशीच्या ताकदीचीही अनेकांना धास्ती असते. दोन्ही मशीन, भिजलेले कपडे आणि आतलं पाणी मिळून भार 140-145 किलोच्या घरात जातो. म्हणजे दोन माणसं एका जागी उभी राहिल्याइतका. भारतीय मानकानुसार घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो आणि बाल्कनीचा 300 किलो पसरलेला भार धरून आखतात. नियमाप्रमाणे बांधलेल्या स्लॅबला एवढ्याने काही होत नाही. जुना छज्जा वाढवून बंदिस्त केलेली बाल्कनी असेल, तर मात्र तिथे ही मशीन ठेवू नयेत.

किट विकत घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत त्याच्यावर ड्रायर ठेवता येतो का आणि कोणतं किट चालतं हे लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट खोलीची. लहान मशीन 45-50 सेंटिमीटरच खोल असतात, तर ड्रायर बहुतेक 60 सेंटिमीटरचा. त्यामुळे तो मागे किंवा पुढे लटकतो आणि चौकट त्याला नीट धरत नाही. सर्वांना चालणारे पट्ट्याचे किट मिळतात, पण लटकणाऱ्या भागाला पट्ट्याचा आधार मिळत नाही.

बसवण्याचा क्रमही ठरलेला आहे. नवीन मशीनचे वाहतुकीचे बोल्ट आधी काढायचे, कारण ते राहिले तर मशीन उड्या मारतं. मग पातळी साधून कपडे टाकून एकदा पिळून पाहायचं. ते हललं नाही, तरच किट आवळायचं आणि दोघांनी मिळून ड्रायर उचलून वर ठेवायचा. पुन्हा एकदा पिळून पायांशी खडूची खूण करावी. महिनाभरानंतर खूण जागच्या जागी असेल तर काम नीट झालं आहे. खूण सरकली असेल तर ड्रायर उतरवून पाय पुन्हा तपासावेत.

नळ हलवता येत नसेल किंवा मशीनची खोली जुळत नसेल, तर धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये करणारं जोडमशीन घ्यावं. ते एका वेळी धुतलेल्यापैकी निम्म्याहून थोडे जास्तच कपडे वाळवतं, म्हणजे आठ किलो धुतले तर साधारण पाच किलो. तेव्हा दुकानात जाण्याआधी मोजपट्टी घेऊन बाल्कनीत जा आणि सर्वांत आधी नळाची उंची मोजा.