हेल्मेटच्या जाहिरातीतल्या चार ओळी

जून 2022 पासून मुंबईत दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले आणि अंधेरी-घाटकोपरच्या अनेक घरांत दुसऱ्या हेल्मेटची खरेदी सुरू झाली. ऑनलाइन जाहिरातीतल्या चार ओळी तेव्हा नीट वाचाव्या लागतात.

पहिली ओळ मापाची. भुवयांच्या वरून डोक्याभोवती टेप फिरवून आलेला आकडा, समजा 58 सेंटिमीटर, त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. पट्टा बांधून हेल्मेट हलवले की गालांची कातडी सोबत हलली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरले तर ते मोठे आहे.

दुसरी ओळ कवचाची: एबीएस प्लास्टिक किंवा फायबरग्लास. पण धक्का मुख्यतः शोषते ते आतले थर्मोकोलसारखे अस्तर, स्वतः चेपून.

तिसरी प्रमाणपत्राची. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हावर IS 4151 आणि खाली CM/L क्रमांक हवा. तो BIS Care ॲपवर तपासता येतो. नुसते ‘डॉट’चे स्टिकर पुरेसे नाही.

चौथी बदलण्याची. चेपलेले अस्तर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे. एरवी साधारण पाच वर्षांनी.